'संरक्षित वन' आणि 'संरक्षित क्षेत्र'

"शाळेच्या भिंतीसाठी जळगाव जिल्ह्याचा तक्ता करतेय. एका सरकारी तक्त्यात 'संरक्षित वन' लिहिलंय, दुसऱ्यात 'संरक्षित क्षेत्र'. दोन्ही एकच का? मग आकडे जुळत का नाहीत?"

ताई, एकच नाहीत. विशेषण तेवढं सारखं आहे, कायदे दोन आहेत.

'संरक्षित वन' आलं १९२७ च्या भारतीय वन अधिनियमातून. त्याची जोडी 'राखीव वना'शी. राखीव वनात परवानगी असेल तेवढंच करता येतं, संरक्षित वनात मनाई नसेल ते सगळं करता येतं. म्हणजे या जोडीत 'संरक्षित' हाच ढिला शब्द! ऐकणाऱ्याला नेमकं उलटं वाटतं, आणि त्यात ऐकणाऱ्याची चूक नाही.

'संरक्षित क्षेत्र' आहे १९७२ च्या वन्यजीव कायद्यातलं, तेही २००२ च्या दुरुस्तीनं व्याख्येत बसवलेलं. राष्ट्रीय उद्यान, अभयारण्य, संवर्धन राखीव आणि सामुदायिक राखीव या चौघांचं ते एकत्रित नाव. इथे जंगलाचा दर्जा विचारात नाही, वन्यजीवांसाठी घातलेली हद्द विचारात आहे. अभयारण्य बहुतेकदा आधीच राखीव असलेल्या वनावर जाहीर होतं, त्यामुळे तीच जमीन एका तक्त्यात 'राखीव वन' म्हणून मोजलेली असते आणि दुसऱ्यात 'अभयारण्य' म्हणून. तुमचे आकडे जुळत नाहीत ते यामुळे, आणि ते जुळायला नकोतच. या दोन तक्त्यांची बेरीज मात्र करू नका, तीच जमीन दोनदा मोजली जाईल.

आता 'क्षेत्र'. आपल्याकडे वावराचं क्षेत्र किती म्हणून विचारलं की सातबाऱ्यावरचे हेक्टर-आर सांगतात, म्हणजे माप. तीर्थक्षेत्र म्हटलं की जागा. सरकारी मराठीत हे दोन्ही अर्थ एकाच रकान्यात येऊन बसतात. 'संरक्षित क्षेत्र : २' म्हणजे दोन जागा, की दोन चौरस किलोमीटर? मी तरी जागेला 'संरक्षित क्षेत्र' आणि मापाला 'क्षेत्रफळ' लिहीन. शब्द लांब होतो, होऊ दे.

जळगावचंच उदाहरण घेऊ. यावल अभयारण्य १७७.५२ चौ.किमी. हे पूर्ण जिल्ह्यातलं, त्यात भानगड नाही. गौताळा औट्रम घाट अभयारण्य २६०.६१ चौ.किमी. आहे, पण ते चाळीसगावकडून घाट ओलांडून छत्रपती संभाजीनगर जिल्ह्यात जातं. जळगावच्या वाट्याला त्यातलं ६३.५५, पलीकडे १९७.०६. राज्याच्या यादीत अभयारण्याच्या नावाला एकच ओळ आणि पूर्ण आकडा असतो, जिल्ह्यांची नावं शेजारच्या रकान्यात. तो आकडा तसाच जळगावखाली उतरवला तर अभयारण्यांची बेरीज ४३८.१३ येते. बरोबर उत्तर आहे २४१.०७. संभाजीनगरच्या शिक्षकानंही तसंच केलं, तर गौताळा दोन्ही भिंतींवर पूर्ण उभा राहील. यादी तपासायची सोपी खूण अशी की रकान्याचं शीर्षक 'जिल्ह्यातील क्षेत्रफळ' आहे की नुसतं 'क्षेत्रफळ', ते आधी वाचा.

एकक पण बघून घ्या. वनखात्याची आकडेवारी कधी हेक्टरमध्ये, कधी चौ.किमी.मध्ये असते. यावल हेक्टरमध्ये १७,७५२. शंभरपट फरक दिसला की समजायचं, शीर्षक एका एककाचं आणि आकडा दुसऱ्याचा.

तिसरी जागा बरेच जण विसरतात: मुक्ताई भवानी संवर्धन राखीव, २०१४ चं, १२२.७४ चौ.किमी. ते अभयारण्य नाही, पण 'संरक्षित क्षेत्रा'त मोडतं. म्हणून तुमच्या तक्त्यात 'अभयारण्ये' असं शीर्षक असेल तर २४१.०७ आणि 'संरक्षित क्षेत्रे' असेल तर ३६३.८१. ('संवर्धन राखीव' हा प्रयोग मला अजून लंगडा वाटतो. राखीव काय, तर क्षेत्र. ते गाळल्यामुळे 'राखीव वना'शी गोंधळ होतो तो वेगळाच.)

राहिलं राष्ट्रीय उद्यान. खान्देशात एकही नाही, धुळ्यात नाही, नंदुरबारात नाही. कचेरीत अशा जागी 'निरंक' लिहितात आणि तो फार चांगला शब्द आहे: मोजून पाहिलं, काही निघालं नाही. नुसती आडवी रेघ ओढली तर माहिती मिळाली नाही असाही अर्थ निघतो. पण निरंक कोणत्या रकान्यात, हे सांभाळा. धुळ्याच्या 'अभयारण्य' रकान्यात शिरपूर तालुक्यातलं अनेर धरण आहे, ८२.९४ चौ.किमी. नंदुरबारच्या त्याच रकान्यात निरंक बरोबर, 'संरक्षित क्षेत्र' या रकान्यात मात्र चूक, कारण तिथं तोरणमाळचं संवर्धन राखीव आहे.