दीड महिना झाला, चॅनेल अजून ‘तपासात’च

“सर, यूट्यूबवर कमाई सुरू व्हावी म्हणून पार्टनर प्रोग्रामचा अर्ज करून दीड महिना झाला की. अजून तपासातच आहे. नाकारलाय म्हणायचं काय? घरी रोज विचारायला लागलेत.”

खानापूर तालुक्यातली ही मुलगी आजीसोबत चुलीवरच्या स्वयंपाकाचे व्हिडिओ करते. मी म्हटलं, आधी फोन दे. यूट्यूब स्टुडिओत Earn उघडलं. तिथं तीन पायऱ्या असतात: अटी मान्य करणं, जाहिरातींचे पैसे ज्यातून मिळतात ते गूगलचं अॅडसेन्स खातं जोडणं आणि मग चॅनेलची तपासणी. पहिल्या पायरीवर Done होतं, दुसरीवर Error. तिसरी सुरूच झाली नव्हती. म्हणजे दीड महिना ती ज्या तपासाची वाट बघत होती, त्या रांगेत तिचा चॅनेल उभाच नव्हता.

मेलमध्ये शोधलं तर कारण सापडलं. कॉलेजात असताना तिनं ब्लॉगसाठी दुसऱ्या जीमेलवर अॅडसेन्स काढलं होतं. एका माणसाच्या नावावर एकच खातं चालतं, म्हणून नवं मंजूर झालं नाही. मेल इंग्रजीत आली होती, हिनं जाहिरात समजून सोडून दिली. (आमच्याकडं येणाऱ्यांपैकी बऱ्याच जणांचं घोडं इथंच अडतं.) जुन्या जीमेलचा पासवर्ड आठवण्यातच अर्धा तास गेला. मग स्टुडिओतून तेच जुनं खातं जोडलं. काही दिवसांनी दुसऱ्या पायरीवर Done आलं, तिसरीवर In Progress.

महिना मोजायचा तो इथून. साधारण एका महिन्यात निकाल येतो, अर्ज जास्त असले तर थोडं पुढं जातं. In Progress म्हणजे नाकारलं नव्हे. या तपासात यूट्यूबची माणसं चॅनेल बघतात: मुख्य विषय, सर्वात जास्त पाहिलेले आणि नवे व्हिडिओ, शीर्षकं, चॅनेलची माहिती. तिला मी एवढंच सांगितलं, की दुसऱ्याच्या रीलचे तुकडे जोडलेले ते दोन व्हिडिओ आहेत, त्यांच्याकडं जरा बघ. नाकारण्याचं ते नेहमीचं कारण. तिनं ते काढले. नाकारलं असतं तरी 21 दिवसांत अपील करता येतं, नाहीतर पहिल्या खेपेला 30 दिवसांनी पुन्हा अर्ज.

चौथ्या आठवड्यात तिचा फोन आला, “सर, घेतलं!” लगेच पुढचा प्रश्न, “मग पैसे कधी?”

स्वीकारलं म्हणजे व्हिडिओंवर जाहिराती लावायची मुभा मिळाली, तेवढंच. कमाई 10 डॉलरवर गेली की पत्ता पडताळायला पोस्टानं पिन येतो, आणि 100 डॉलर साठल्याशिवाय बँकेत काही येत नाही. तिच्या घराला नंबर नाही. पत्त्यात वडिलांचं नाव आणि मारुती मंदिराजवळ असं लिहायला लावलं, शिवाय पोस्टमनमामांना आधीच सांगून ठेव म्हटलं.