सिरीयल नंबर जुळला म्हणजे इअरबड्स ओरिजिनल का?

«ऑनलाइन स्वस्तात इअरबड्स घेतले. सिरीयल नंबर कंपनीच्या साइटवर दिसतोय, झाकण उघडलं की फोनवर पॉप-अपही येतो. म्हणजे ओरिजिनलच ना?»

नाही हो, मीही ह्याच दोन गोष्टींवर फसलो होतो. नंबर कुठल्यातरी खऱ्या पीसचा उचलून हजारो बॉक्सवर छापतात, त्यामुळे साइट बिचारी हो म्हणणारच. तुम्ही बॉक्सवरचा, केसवरचा आणि फोनच्या सेटिंगमध्ये दिसणारा नंबर शेजारी शेजारी ठेवून बघा, माझ्याकडे बॉक्सवर एक आणि सेटिंगमध्ये भलताच होता. प्लास्टिकचं सील, छपाई वगैरे आता इतकं हुबेहूब करतात की त्यावर फार वेळ घालवू नका.

पॉप-अपचं तर सोपंय, केस ब्लूटूथवर एक छोटा सिग्नल सोडते आणि तो बघून फोन चित्र दाखवतो, तो सिग्नल नकलीवालेही सोडतात. म्हणून iOS 16 पासून आयफोन नकली एअरपॉड्स ओळखता आले तर तशी वॉर्निंग देतो. बाकी ब्रँडचे असतील तर कंपनीच्या ॲपमध्ये जोडून बघा. माझे ब्लूटूथला लगेच जोडले जायचे पण ॲपला काही केल्या सापडेनात, तिथेच शंका आली.

मग पंख्याची टेस्ट केली. गाणं बंद, बड्स कानात, पंखा फुल, आणि नॉइज कॅन्सलेशन चालू-बंद करत राहायचं. खरं असेल तर पंख्याची जाड घरघर एकदम खाली जाते, माणसांचं बोलणं मात्र बऱ्यापैकी ऐकू येतं. माझ्यात फक्त ती बाई "ऑन" म्हणायची आणि वर बारीक सूं आवाज वाढायचा, पंखा होता तिथेच! गाण्यातही बेस नुसता ढबढब आणि गाणारा उशीखालून गातोय असं, पण आवाजावर एकट्यावर जाऊ नका, स्वस्त पण प्रामाणिक बड्सही असे वाजतात.

सगळ्यात मजा बॅटरीची. केसवर लिहिलेलं ३००० एमएएच. टॉर्चमध्ये असतो ना तो जाड गोल लिथियम सेल, साधारण तेवढ्याच क्षमतेचा, तो एकटाच ४५ ग्रॅमच्या आसपास भरतो, आणि माझी अख्खी केस किचनच्या काट्यावर ३८ ग्रॅम. खऱ्या केसमध्ये साधारण ३०० ते ५०० एमएएच असतात. बडमध्ये ४० धरा, ताशी ६-७ खर्च होतो, म्हणजे एका चार्जवर सहाएक तास. "केससकट ३० तास" लिहिलं असेल तर ते खरं असू शकतं, सगळेच असं मोजतात, पण नुसत्या बडचे २४ तास लिहिलेले दिसले की समजा.

माझा डावा बड पावणेदोन तासांत झोपला. काट्याचा फोटो आणि दोन्ही सिरीयल नंबरचे स्क्रीनशॉट जोडून रिटर्न टाकला, विक्रेत्याने एकदा नाकारला, दुसऱ्यांदा घेतला. तुमची रिटर्नची मुदत आधी बघा, बॉक्स फेकू नका.