घासून तेज परत येत नाही

«ताई, मी ५२ वर्षांची आहे. पाळी जाऊन दीड वर्ष झालं. चेहऱ्याची रयाच गेलीय. पावडर लावली की गालावर ठिपके ठिपके दिसतात, रात्री नडग्यांना खाज सुटते. तेज यावं म्हणून रोज स्क्रब करते, ग्लायकोलिक टोनर लावते, व्हिटॅमिन सी सीरम घेतलं, तीनदा फेसवॉशने तोंड धुते. आता साधं क्रीमसुद्धा झोंबतं. मैत्रीण म्हणते रेटिनॉल सुरू कर. नक्की काय लावू? आणि हे असंच वाढत जाणार का?»
— एक वाचक

तूर्तास नवीन काहीही लावू नका. उलट जे लावताय त्यातलं बरंच बंद करा. स्क्रब, टोनर, सीरम आणि तो फेसाळ फेसवॉश, चारही महिनाभर कपाटात जाऊ देत. साधं क्रीम झोंबतंय याचा अर्थ बहुतेक वेळा क्रीम वाईट आहे असा नसतो. त्वचेचा वरचा थर उघडा पडलाय, असा असतो.

पाळी जाताना इस्ट्रोजेन हे हार्मोन कमी झालं की त्वचेत एकाच वेळी बऱ्याच गोष्टी बदलतात. तेलग्रंथी कमी तेल सोडतात. वरच्या थरात पाणी धरून ठेवणारे सिरॅमाइडसारखे स्निग्ध पदार्थ कमी होतात, म्हणून ओलावा पटकन उडून जातो. खालच्या थरातलं कोलॅजेन तर फारच झपाट्याने घटतं. पाळी थांबल्यावरच्या पहिल्या पाच वर्षांत साधारण ३० टक्के, आणि त्यानंतर दर वर्षी सुमारे २ टक्के. तुमच्या शेवटच्या प्रश्नाचं उत्तर यातच आहे. तुम्ही आत्ता सगळ्यात वेगाच्या टप्प्यात आहात, पुढे हा वेग मंदावतो.

आता तेजाचं. खरखरीत भिंतीवर उजेड विखुरतो आणि गुळगुळीत फरशीवर चमकतो, त्वचेचंही तसंच. कोरड्या त्वचेवरच्या मृत पेशी नीट सुटत नाहीत, कडा वर येतात आणि चेहरा मळकट वाटतो. तुमच्या पावडरीचे ठिपके तिथेच अडकतात. हा मळ नव्हे, पण मळ समजून आपण घासत सुटतो. घासलं की तासभर चेहरा गुळगुळीत लागतो, म्हणून खरं वाटतं. तेवढ्यात आधीच पातळ झालेला थर आणखी विरतो, ओलावा आणखी उडतो, आणि दुसऱ्या दिवशी चेहरा आदल्या दिवसापेक्षा निस्तेज. मग पुन्हा स्क्रब.

पुढचे चार आठवडे असं करा. सकाळी नुसत्या कोमट पाण्याने तोंड धुवा, क्लेन्झर नको. रात्री एकदाच, फेस न होणारा आणि सुगंध नसलेला क्रीमसारखा क्लेन्झर वापरा. अंगाचा साबण तोंडाला नको. साबण अल्कधर्मी असतो आणि निरोगी त्वचा किंचित आम्लधर्मी. वय वाढतं तशी ती आम्लता तशीही कमी होत जाते, त्यात साबणाची भर कशाला? टॉवेलने चोळू नका, टिपून घ्या. चेहरा ओलसर असतानाच, दोन-तीन मिनिटांच्या आत, सिरॅमाइड आणि ग्लिसरीन असलेलं घट्ट क्रीम लावा. लोशन नको, ते पातळ असतं. गाल फारच ओढत असतील तर रात्री क्रीमवर पेट्रोलियम जेलीचा अगदी पातळ हात फिरवा. क्रीम थोडं झोंबलं तरी चालेल, ते मिनिटा-दोन मिनिटांत थांबायला हवं. लाली येऊन तशीच राहिली तर मात्र ते क्रीम तुमच्यासाठी नाही.

नडग्यांवर तर तेलग्रंथी मुळातच कमी. तिथे दहा टक्के युरिया असलेलं क्रीम अंघोळीनंतर लगेच लावा. खाजवून ओरखडे उठलेत तिथे मात्र युरिया आग करतं, ते भरेपर्यंत साधं क्रीम लावा. अंघोळ दहा मिनिटांत उरका. कढत पाण्याने खाज क्षणभर शमते आणि रात्री दुपटीने सुटते, हे तुमच्याही लक्षात आलं असेल.

रेटिनॉल घ्यायची वेळ झाली हे कसं ओळखायचं? रात्री तोंड धुवून टिपल्यावर काहीही न लावता दहा मिनिटं बसा. गाल ओढल्यासारखे वाटले नाहीत आणि नंतर लावलेलं क्रीम झोंबलं नाही, असं आठवडाभर सलग झालं, की सुरू करा. चार आठवड्यांत झालं नाही तर सहा घ्या.

तुमच्या मैत्रिणीचा सल्ला चुकीचा नाही, घाईचा आहे. कोलॅजेनसाठी लावायच्या औषधांत, रेटिनॉल ज्यातलं आहे त्या रेटिनॉइड गटाइतका भक्कम पुरावा क्वचितच कशाला असेल. पण पातळ, कोरड्या त्वचेला ते हळूहळूच द्यावं लागतं. आठवड्यातून दोन रात्री, सर्वांत कमी ताकदीचं, वाटाण्याएवढंच, संपूर्ण चेहऱ्याला. आधी क्रीम, वर रेटिनॉल, लागलंच तर पुन्हा क्रीम. डोळ्यांच्या कडा आणि ओठांचे कोपरे सोडा. थोडी सालपटं निघतील, ते चालतं. जळजळ दुसऱ्या दिवसापर्यंत राहिली तर आठवडाभर थांबून एका रात्रीवर या. महिनाभर सगळं सुरळीत गेलं तर तिसरी रात्र वाढवा. पोत सुधारायला तीनेक महिने लागतात, बारीक सुरकुत्यांना त्याहून जास्त. (ज्यांची पाळी अनियमित आहे पण गेलेली नाही, त्यांच्यासाठी: गर्भधारणा अजून होऊ शकते आणि गरोदरपणी रेटिनॉइड वापरत नाहीत.)

व्हिटॅमिन सी त्यानंतर, सकाळी, वाटलं तर. तेही झोंबलं तर सोडून द्या, त्याच्यावाचून काही अडत नाही. स्क्रब मात्र कपाटातून परत काढू नका.

सनस्क्रीन मात्र चुकवू नका. उन्हाने कोलॅजेन तुटतं, आणि एकीकडे ऊन खात दुसरीकडे रेटिनॉल लावणं म्हणजे गळका हंडा भरणं. कमीत कमी एसपीएफ ३०, चेहरा आणि मानेला मिळून दोन बोटांच्या लांबीएवढं. झोंबत असेल तर झिंक ऑक्साइडवालं घ्या, पांढरट दिसलं तर त्यातलंच रंग मिसळलेलं.

कुणी ‘आठवड्यात उजळपणा’ म्हणून बिननावाची डबी हातात दिली, तर घेऊ नका. अशा क्रीममध्ये स्टेरॉइड मिसळलेलं सापडतं. सुरुवातीला चेहरा खरंच तुकतुकीत होतो, मग त्वचा आणखी पातळ होते, आणि बंद केल्यावर लाली उसळते.

हार्मोन थेरपीबद्दल तुम्ही विचारलं नाही, पण पुढचं पत्र बहुधा त्याच्यावरच येईल. तिने त्वचेची जाडी आणि ओलावा थोडा सुधारतो हे खरं, मात्र ती केवळ त्वचेसाठी दिली जात नाही. रात्री घामाने जाग येणं, अंगातून वाफा निघणं असा त्रास असेल तर स्त्रीरोगतज्ज्ञांशी बोला.

आणि थायरॉइडची रक्ततपासणी एकदा करून घ्या. कोरडी त्वचा, खाज, थकवा, केस गळणं हे सगळं थायरॉइड मंदावल्यानेही होतं, आणि त्याची आणि पाळी जाण्याची वेळ बरेचदा एकच येते. खाज सगळ्या अंगाला पसरली, किंवा युरिया क्रीम महिनाभर लावूनही झोप मोडत राहिली, तर त्वचारोगतज्ज्ञांना दाखवा.