साहेब, डाग पडलेत, काय मारू?

प्रश्न: तासगाव तालुक्यात माझं कृषी सेवा केंद्र आहे. आमच्या गिऱ्हाइकांपैकी एक वयस्क द्राक्ष बागायतदार रोज व्हॉट्सॲपवर अर्धवट मेसेज टाकतात. आधी नुसतं 'साहेब', मग अर्ध्या तासाने 'डाग पडलेत काय मारू', मग एक धूसर फोटो, मग तीन प्रश्नचिन्हं. कितीदा सांगितलं 'नीट सगळं लिहा', फरक नाही. माणूस चांगला आहे, जुना आहे, दुखवायचा नाही. काय करू?

उत्तर: 'नीट सगळं लिहा' हे वाक्य आधी बंद करा. नीट म्हणजे काय आणि सगळं म्हणजे काय, हे तुम्हाला माहीत आहे. त्यांच्या मते त्यांनी सगळंच लिहिलेलं असतं. ते बागेत उभे असतात, डाग समोर दिसत असतो. छाटणी कधी झाली, परवा पाऊस किती पडला, ब्लोअरमध्ये काय टाकलं होतं, सगळं डोक्यात ताजं असतं. शिवाय औषध तुमच्याच दुकानातून नेलेलं, म्हणजे साहेबांना ते ठाऊक असणारच असं ते धरून चालतात. त्यामुळे ओरडून सांगितलं तरी उद्या पुन्हा 'डाग पडलेत'च येणार.

मी मिरज पूर्व भागात द्राक्षबागांना सल्ला देतो. ऑक्टोबर छाटणीनंतर माझ्याही फोनवर असे मेसेज धो धो येतात. मला जे उपयोगी पडलं ते सांगतो.

'साहेब' एवढाच मेसेज म्हणजे बांधावरून मारलेली हाक. तुम्ही 'ओ' दिल्याशिवाय पुढचं बोलणं सुरू होत नाही. तुम्ही 'बोला' लिहिलंत की तिकडून 'डाग पडलेत' येतं, आणि यात अर्धा तास जातो. त्यापेक्षा त्या हाकेलाच थेट प्रश्न जोडा: 'बोला आण्णा, छाटणी होऊन किती दिवस झाले?' काहीही विचारायचं असलं तरी दिवस लागणारच आहेत. आपल्याकडे प्रत्येक बागायतदार छाटणीपासून दिवस मोजतोच, त्यामुळे हे उत्तर त्यांना विचार न करता देता येतं. सोपा प्रश्न आधी विचारला की पुढचं संभाषणही चालू राहतं.

एका मेसेजात एकच प्रश्न विचारा, हे महत्त्वाचं. वाण कोणता, क्षेत्र किती, पाऊस झाला का, शेवटची फवारणी काय, असे चार प्रश्न एकदम टाकलेत तर शेवटच्याचं उत्तर येतं आणि बाकीचे वर सरकून जातात. मग तुम्ही पुन्हा विचारता, आणि 'आता तर सांगितलं की' असं ऐकून घेता. एकच प्रश्न विचारायचा, तर कोणता, इथे तुमचं द्राक्षाचं ज्ञान कामाला येतं. ज्या उत्तराने निम्म्या शक्यता गळतात तो प्रश्न पहिला.

आता तुमच्याच मेसेजवर करून बघू. समजा थॉमसनची बाग आहे, ८ ऑक्टोबरची फळछाटणी आणि आज ७ नोव्हेंबर, म्हणजे तिसावा दिवस. फोटोत पानावर पिवळट ठिपके दिसतायत, बाकी काही कळत नाही. माझ्या मनात लगेच दोन गोष्टी येतात, डावणी किंवा औषधाचा शॉक. तिसरी, मॅग्नेशियमची कमतरता, तिचा पिवळेपणा सहसा जुन्या खालच्या पानांवर शिरांच्या मधल्या भागात येतो, ठिपक्यांसारखा दिसत नाही. म्हणून ती बाजूला ठेवायची. उरलेल्या दोघांत फरक करणारा प्रश्न एकच: 'आण्णा, सकाळी ऊन तापायच्या आत तेच पान उलटं करून बघा. डागाच्या बरोबर खाली पांढरं, कापसासारखं काही दिसतं का?'

दिसलं तर डावणी. वर तेलकट पिवळा डाग आणि त्याच जागी खाली पांढरी बुरशी ही तिची खूण. रात्री पानं ओली राहिली असतील तर सकाळी ती जास्त स्पष्ट दिसते, उन्हात सुकून मग शंका येते. म्हणून 'सकाळी' हा शब्द प्रश्नात हवाच. नाही दिसलं, तर पुढचा प्रश्न: 'डाग सगळ्या बागेत सारखेच आहेत की एखाद्या कोपऱ्यात जास्त?' शॉक बसला असेल तर साधारण त्याच वयाच्या पानांवर, सगळ्या ओळींत, फवारणीनंतर दोन-एक दिवसांत एकदमच दिसतो. डावणी बहुतेकदा दाट कॅनोपीत, पाणी साचणाऱ्या बाजूला आधी उमटते आणि मग पसरते. सारखेच डाग असतील तरच तिसरा प्रश्न विचारा, टाकीत काय काय एकत्र केलं होतं. हे प्रश्न ठरलेल्या क्रमाने विचारलेत की त्यांना कसलाही फॉर्म भरावा लागत नाही आणि तुम्हालाही अंदाजाने औषध सांगावं लागत नाही.

फोटोचं सांगणंही असंच सुटं सुटं असावं. 'फोटो नीट काढा' यातून काही कळत नाही. 'एक पान तोडा, सावलीत धरा, वरून एक आणि उलटं करून एक' एवढं पुरेसं असतं. आणि आधी कॅमेऱ्याची काच शर्टाने पुसायला सांगा. फवारणीच्या दिवसांत तिच्यावर औषधाचे थेंब उडून सुकलेले असतात. धूसर फोटोचं कारण बऱ्याचदा तेवढंच असतं, आणि त्यासाठी माणसाला काही शिकवावं लागत नाही.

लिहायला शिकवायचं तर ते उत्तरातूनच शिकवा. निदान झालं की औषध सांगायच्या आधी त्यांचीच माहिती त्यांना एका ओळीत परत लिहून पाठवा: 'म्हणजे थॉमसन, दीड एकर, ८ ऑक्टोबरची छाटणी, आज ३० दिवस, परवा रात्री पाऊस, पानाखाली पांढरं, शेवटची फवारणी सोमवारी. बरोबर का आण्णा?' यात दोन कामं होतात. चूक असेल तर तिथेच कळते, कारण पुष्कळदा दीड एकरातल्या निम्म्या बागेची छाटणी चार दिवस मागे-पुढे झालेली असते आणि ते आता बोलतात. आणि पूर्ण मेसेज कसा दिसतो हे कुणी न सांगता त्यांच्या डोळ्यांसमोर येतं. काही आठवड्यांनी त्यातले एक-दोन तुकडे त्यांच्या स्वतःच्या मेसेजात यायला लागतात. सगळे येत नाहीत, येण्याची वाटही बघू नका. ज्या दिवशी ते आपणहून '४२ दिवस' असं लिहितील त्या दिवशी एवढंच उत्तर द्या: 'दिवस लिहिलेत म्हणून लगेच सांगता आलं.' जास्त कौतुक केलंत तर वयाने मोठ्या माणसाला ते टोमण्यासारखं लागतं.

जे बदलत नाही ते दरवेळी विचारूच नका. वाण, क्षेत्र, छाटणीची तारीख हंगामात एकदाच घ्या आणि फोनमध्ये त्यांच्या नावापुढेच लिहून ठेवा: 'आण्णा, थॉमसन १.५, ८ ऑक्टो.' मेसेज आला की वर नावातच निम्मं उत्तर दिसतं. दुकानाची बिलं तुमच्याकडे आहेतच, शेवटचं औषध तिथून बघा. निम्मा अपुरेपणा असा आपल्या बाजूनेच भरून निघतो, त्यात त्यांच्यावर रागवायचं काय आहे?

गावाच्या ग्रुपवर मात्र कधी समजावू नका. 'आण्णा, माहिती अपुरी आहे' हे चारचौघांत लिहिलंत की पुढच्या वेळी ते तुम्हाला विचारणार नाहीत, शेजाऱ्याने मारलं तेच मारतील. ग्रुपवर फक्त 'वेगळा मेसेज टाकतो' म्हणा. शुद्धलेखनाला तर हातच लावू नका. 'डावनी' लिहिलं तरी रोग तोच आहे. लिहायचा कंटाळा असेल तर 'बोलून पाठवा' म्हणा. अडखळत टाइप करणारी माणसं बोलताना छाटणीपासून ढगापर्यंत सगळं न विचारता सांगतात. तुम्हाला दोन मिनिटं ऐकावं लागतं, पण माहिती पूर्ण मिळते.

हे सगळं करूनही कधीकधी तिकडून येतं, 'ते राहू द्या, औषधाचं नाव तेवढं सांगा.' इथे सांभाळून घ्यायचं म्हणून नाव सांगू नका. शॉक बसलेल्या पानावर डावणीचं महागडं औषध मारलं तर पैसे जातात आणि आधीच भाजलेल्या पानावर आणखी एक रसायन पडतं. मी असं लिहितो: 'आण्णा, चुकीचं सांगितलं तर तुमचाच खर्च जाईल. पान उलटून बघा आणि फोन करा, मी वाट बघतोय.' नकारासोबत करायचं काम आणि वेळ दिली की तो टाळल्यासारखा वाटत नाही. फुलोऱ्याच्या तोंडावर पाऊस झाला असेल तर मात्र मेसेजांचा खेळ करत बसू नका. डावणी घडावर गेली तर पान वाचवून उपयोग नाही. तिथे सरळ फोन लावा, जवळ असाल तर गाडी काढून बागेत जा.

काढणी जवळ आल्यावर एक प्रश्न कितीही ओळख असली तरी सोडू नका: माल कधी तोडणार, आणि तो कुठे जाणार, बाजारात, बेदाण्याला की निर्यातीला? प्रत्येक औषधाच्या लेबलवर काढणीआधी किती दिवस थांबायचं ते दिलेलं असतं, आणि युरोपला जाणाऱ्या मालाचे औषधांचे अंश तपासले जातात. 'तोडणीला किती दिवस राहिले?' याचं उत्तर येईपर्यंत औषधाचं नाव टाइप करायचं नाही, मग तिकडून कितीही प्रश्नचिन्हं येऊ देत.