भागाकार 2.90 सेकंद सांगतो, पण तेवढ्यात कोणी पोहोचत नाही

प्रश्न: फलंदाजाचा धावण्याचा वेग ताशी 25 किमी आणि खेळपट्टी 22 यार्डांची, तर एक धाव काढायला किती सेकंद लागतात? मी 2.9 काढले, बरोबर आहे का?

भागाकार बरोबर आहे, उत्तर चूक आहे. खरा आकडा पहिल्या पावलापासून साधारण 3.3 सेकंद आणि बॅटला चेंडू लागल्या क्षणापासून मोजला तर 3.6 ते 3.7 सेकंद असा येतो. तुमच्या गणितात दोन चुका आहेत आणि त्या एकमेकींच्या उलट दिशेच्या असल्यामुळे उत्तर वरवर पटण्याजोगे दिसते. मी स्वतः याच हिशेबापायी चोवीस वर्षे बोलणी खाल्ली आहेत, त्यामुळे उत्तर थोडे लांबेल.

पहिली चूक अंतराची. 22 यार्ड, म्हणजे 20.12 मीटर, हे यष्ट्यांपासून यष्ट्यांपर्यंतचे अंतर आहे. फलंदाजाला यष्टीपर्यंत जायचेच नसते. पॉपिंग क्रीज यष्ट्यांच्या 4 फूट पुढे असते, म्हणून दोन क्रीजमधले अंतर 58 फूट, म्हणजे 17.68 मीटर भरते. तेवढेही पायांनी कापावे लागत नाही, कारण रेषेपलीकडे बॅट टेकली तरी पुरते. नियमानुसार बॅट 38 इंचांपर्यंत लांब असू शकते. त्यात पसरलेला हात आणि पुढे झुकलेले खांदे धरले, तर चांगला धावणारा फलंदाज शरीर रेषेच्या सुमारे 1.7 मीटर अलीकडे असतानाच बॅट पलीकडे सरकवतो. म्हणजे शरीराला कापायचे अंतर उरते 16 मीटर. फक्त बॅट रेषेवर टेकून भागत नाही, रेषेच्या पलीकडे टेकावी लागते, एवढे ध्यानात ठेवावे.

दुसरी चूक वेगाची, आणि ती मोठी आहे. ताशी 25 किमी हा त्या माणसाचा कमाल वेग झाला. तो त्याला पहिल्या पावलाला मिळत नाही आणि सोळा मीटरांचा बराचसा भाग वेग पकडण्यातच जातो. उसेन बोल्टचे उदाहरण घ्या. 2009 साली बर्लिनमध्ये 9.58 सेकंदांचा विक्रम करताना त्याचा कमाल वेग सेकंदाला 12 मीटरांहून अधिक होता. त्या वेगाने 20 मीटर कापायला 1.65 सेकंद पुरले असते, पण प्रत्यक्षात पहिल्या 20 मीटरांना त्याला पिस्तुलाच्या आवाजापासून सुमारे 2.9 सेकंद लागले, आणि त्यात प्रतिक्रियेचा वेळ जेमतेम 0.15 सेकंद होता. उरलेला सेकंदाहून थोडा अधिक वेळ वेग वाढवण्यात गेला. जगातल्या सर्वांत वेगवान माणसाला जो दंड भरावा लागतो, तो पॅड बांधलेल्या फलंदाजाला चुकत नाही. म्हणून मी हे सोपे सूत्र वापरतो:

```
t = d / v + u
```

यात `d` मीटरमध्ये, `v` कमाल वेग मीटर प्रतिसेकंदात आणि `u` हा सुरुवातीचा उशीर, जो बहुतेक क्लब खेळाडूंसाठी 1 सेकंदाच्या आसपास असतो. तुमच्या फलंदाजाचा `v` 6.94 येतो. 16 भागिले 6.94 म्हणजे 2.31, त्यात 1 मिळवला की 3.3. चेंडू कुठे गेला ते पाहणे, कॉल देणे आणि पाऊल उचलणे यांचे 0.3 ते 0.4 सेकंद वेगळे धरावेत. स्वतःचा उशीर काढायचा असेल, तर पॅड बांधून उभ्या उभ्या सुरुवात करून 10 मीटर आणि 20 मीटर या दोन्हींची वेळ घ्यावी. समजा 10 मीटरला 2.4 आणि 20 मीटरला 3.85 सेकंद लागले, तर दुसऱ्या दहा मीटरांना 1.45 सेकंद, म्हणजे वेग 6.9. 20 मीटरला पूर्ण वेगाने 2.9 लागले असते, म्हणून उशीर 0.95. पॅड न बांधता घेतलेल्या वेळेचा येथे काही उपयोग नाही.

नॉन-स्ट्रायकरचा हिशेब वेगळा आहे आणि तोच सगळ्यांच्या नजरेतून सुटतो. ताशी 120 किमीचा चेंडू हातातून सुटून बॅटपर्यंत यायला अर्धा सेकंद घेतो. त्या वेळात नॉन-स्ट्रायकर दोन मीटर पुढे आलेला असतो आणि पाय चालते असतात. त्याला उरलेले 14 मीटर सुमारे 2.6 सेकंदांत कापता येतात. म्हणजे चोरटी धाव काढताना स्ट्रायकर त्याच्यापेक्षा अर्ध्या सेकंदाहून अधिक मागे असतो, दोघे सारख्याच वेगाचे असले तरी. अर्थात चेंडू हातातून सुटण्यापूर्वी क्रीज सोडली, तर गोलंदाज धावबाद करू शकतो आणि 2022 पासून नियमांमध्ये ते साध्या धावबादाच्या कलमातच मोडते. त्यात नाराज होण्यासारखे काही नाही.

आता माझी गोष्ट. चोवीस वर्षांपूर्वी पुण्याच्या एका उपनगरातल्या मैदानावर आमचा रविवारचा सामना होता. शेवटच्या चेंडूवर जिंकायला दोन धावा हव्या होत्या, स्ट्राइक माझ्याकडे होता आणि समोर माझा मामेभाऊ होता, ज्याला मी दादा म्हणतो. मी चेंडू डीप कव्हरकडे ढकलला. पहिली धाव सहज झाली. गोलंदाजाच्या टोकाला बॅट टेकून मी वळलो, दादाच्या कॉलची वाट पाहिली, तो "ये, ये!" म्हणून ओरडला आणि मी निघालो. थ्रो यष्टीरक्षकाकडे आला आणि मी वीतभर मागे राहिलो. तंबूत परतल्यावर दादा सगळ्यांदेखत म्हणाला, "तुझे पायच जड, कॉल देऊन माझा काय उपयोग?" तेव्हापासून घरातल्या प्रत्येक लग्नात, पंगत बसली की जिलबीबरोबर हे वाक्य वाढले जाते.

माझे म्हणणे होते की कॉल उशिरा आला. वीत म्हणजे साधारण 23 सेंटिमीटर. त्या वेगाने तेवढे अंतर 0.033 सेकंदात कापले जाते, म्हणजे दर सेकंदाला 30 फ्रेम टिपणाऱ्या कॅमेऱ्याची एक फ्रेम. जो कॉल 0.3 सेकंद उशिरा येतो, तो धावणाऱ्याचे दोन मीटर खातो. वीतभराच्या बादासाठी माझ्या पायांना दोष देणे आणि दोन मीटरांचा कॉल विसरणे हा न्याय मला कधीच पटला नाही.

दोन वर्षांपूर्वी मी गावच्या शाळेच्या मैदानावर फीत लावून, चुन्याने दोन रेषा आखून, भाच्याच्या हातात मोबाइल देऊन सेकंदाला 60 फ्रेम या वेगाने हे सगळे मोजले. वय वाढले असल्यामुळे माझे आकडे तेव्हाच्यापेक्षा वाईट आले असणार, पण आकड्यांमधला फरक बोलका होता. दुहेरी धावेत खरा खेळ वळणावर असतो. सूत्राने दुसऱ्या धावेचे अंतर पहिल्यापेक्षाही कमी येते, कारण दोन्ही टोकांना बॅटचा फायदा मिळतो: 17.68 मधून 1.7 दोनदा वजा केले की 14.3 मीटर. पण जो फलंदाज पाय रेषेपलीकडे नेऊन मग वळतो, तो वळणावर जाताना 1.7 मीटर आणि परतताना तेच 1.7 मीटर अधिक धावतो, म्हणजे जवळजवळ अर्धा सेकंद फुकट घालवतो. मी नेमके हेच करत होतो, असे व्हिडिओत दिसले. पहिल्या धावेत बॅट सरकवत न आणता मी पायांनी क्रीजमध्ये शिरत होतो आणि मग बॅट टेकत होतो.

त्याहून वाईट गोष्ट हाताची. उजव्या हाताचा फलंदाज गोलंदाजाच्या टोकाकडे धावतो, तेव्हा कव्हर त्याच्या उजवीकडे असते. बॅट डाव्या हातात घेतली, तर डावा खांदा पुढे होतो, छाती कव्हरकडे येते आणि वळताना चेंडू डोळ्यांसमोर राहतो. बॅट उजव्या हातातच राहिली, तर पाठ चेंडूकडे होते, आणि क्षेत्ररक्षकाने चेंडू स्वच्छ उचलला की त्याच्या हातून निसटला हे फलंदाजाला कळत नाही. त्या सामन्यात मी बॅट उजव्याच हाताने टेकली होती. आंधळे वळण घेतले की मला स्वच्छ वळणापेक्षा दर खेपेस 0.2 सेकंद अधिक लागत होते. शिवाय चेंडू दिसत नसल्यामुळे मी कॉलची वाट पाहत उभा राहिलो होतो. चेंडू दिसला असता, तर दादाच्या ओरडण्याची गरज पडली नसती. चेंडू लेग साइडला गेला असेल, तर मात्र उजव्या हातातली बॅटच योग्य, म्हणून हात बदलायचा की नाही हे पहिल्या धावेच्या निम्म्या वाटेवर ठरवावे.

2019 च्या विश्वचषक उपांत्य सामन्यात महेंद्रसिंग धोनी मार्टिन गप्टिलच्या थेट फेकीवर बाद झाला, तीही दुसरीच धाव होती. त्या वेळी धोनी हळू धावला असे म्हणणाऱ्यांशी मी वाद घालत नाही. फक्त एवढे विचारतो की त्यांनी वळणाची वेळ मोजली आहे का.

तुमच्या फलंदाजाने दुहेरी काढली, तर पहिल्या धावेचे 3.3, वळणाचे सुमारे 0.4, दुसऱ्या धावेचे सुमारे 3 आणि सुरुवातीचे 0.4 मिळून साधारण 7.1 सेकंद होतात, बॅट सरकवली आणि वळण नीट घेतले तर. हे सगळे आकडे कोरड्या मैदानाचे आणि स्पाइक्स घातलेल्या खेळाडूचे आहेत. पावसाळी मैदानावर किंवा मॅटिंगवर रबरी तळव्याच्या बुटांनी थांबताना पाय घसरतो, तेव्हा वळणाचा आकडा सहज दुप्पट होतो. लहान मुलांचा `u` वेगळा येतो, तो त्यांच्याकडूनच मोजून घ्यावा.

भाचीचे लग्न मे महिन्यात आहे. तेथे विषय निघालाच, तर मी फक्त उशिरा आलेल्या कॉलच्या 0.3 सेकंदांविषयी बोलणार आहे. डाव्या हाताचे प्रकरण दादाला अजून ठाऊक नाही.