रॉब २ सुरू करताय? आधी हे बघा

ताई, रॉब २ म्हणजे ट्रायलच्या निकालात बायसचा, म्हणजे एकीकडे झुकण्याचा, धोका किती ते तपासायचं साधन. तुम्ही त्यात अख्ख्या ट्रायलला एकच शेरा देऊन राहिल्या, सुरुवातीला बहुतेकांचं तिथंच चुकते. रॉब २ मध्ये शेरा एका रिझल्टला असतो. समजा गुडघेदुखीची ट्रायल आहे, अर्ध्यांना फिजिओथेरपी, अर्ध्यांना नुसत्या गोळ्या, म्हणजे कोणाला काय मिळालं ते पेशंटला माहीतच आहे. आता दुखणं किती ते पेशंट स्वतःच सांगणार, मग ‘आउटकम कसा मोजला’ या डोमेनला, म्हणजे तपासायच्या पाच भागांपैकी एकाला, निदान ‘सम कन्सर्न्स’, आणि त्या माहितीचा उत्तरावर परिणाम झाला असेल असं वाटलं तर सरळ ‘हाय’. पण त्याच ट्रायलमधले मृत्यू मोजायचे तर हाच डोमेन बहुधा ‘लो’, कारण मृत्यू काही कोणाच्या मतावर ठरत नाही.

बाकी एवढं सांभाळा:
- पाच डोमेनचे मार्क जोडून बेरीज नको. एक जरी ‘हाय’ असला तर एकूण ‘हाय’च.
- दोघांनी वेगवेगळं भरायचं, मग चर्चा. मेडिकलच्या लायब्ररीत शेजारी बसून एकच फॉर्म भरला तर ते एकाचंच मत होते.
- कोहॉर्टला, म्हणजे कोणाला काय उपचार ते संशोधकानं न ठरवता नुसतं लक्ष ठेवलेल्या अभ्यासाला, रॉब २ लावू नका, तिथं रॉबिन्स-आय हे वेगळं साधन. कन्फाउंडरची, म्हणजे उपचार आणि आउटकम दोन्हीशी जोडलेल्या बाकीच्या गोष्टींची, यादी पेपर उघडायच्या आधी, प्रोटोकॉलमध्येच लिहा, नाहीतर लेखकांनी जे ॲडजस्ट केलं तेच पुरेसं वाटाले लागते.