रजा वाढवून मागताना

अगं,

रात्री दीड वाजता पाठवलेला तुझा मेसेज सकाळी वाचला. सासूबाई न्हाणीघरात घसरल्या, खुब्याचं हाड मोडलं, ऑपरेशन झालं. म्हणजे बाळाला सांभाळायला ज्या येणार होत्या, त्यांनाच आता सांभाळायची वेळ आली. तुझी रजा १४ जूनला संपते आणि हातात जेमतेम बारा दिवस आहेत. त्यात तू लिहितेस, "ताई, राजीनामाच देऊन टाकू का?" नको. आज तर मुळीच नको.

आधी तुझ्या हक्काचं काय आहे ते नीट समजून घे. २०१७ च्या दुरुस्तीपासून पहिल्या दोन मुलांसाठी २६ आठवडे भरपगारी रजा मिळते, ती तू घेतलीस. त्या रजेवर असताना तुला कामावरून काढता येत नाही. त्यापुढची बिनपगारी रजा मात्र खाजगी कंपनीत कायद्याने हक्क म्हणून मिळत नाही, ती कंपनीच्या मंजुरीवर असते. १५ जूनला तू मंजुरीविना घरी राहिलीस, तर ते ‘रजेवर’ राहणं नसतं, ती विनापरवाना गैरहजेरी ठरते. तुझं नेमणूकपत्र काढून बघ. रजा संपल्यावर इतके दिवस न कळवता गैरहजर राहिल्यास नोकरी सोडली असं समजू, अशा अर्थाचं कलम बहुतेक पत्रांत असतं, आणि अनेक ठिकाणी ते दिवस आठ-दहाच असतात.

मी हे स्वतः भोगलंय. माझ्या मुलाच्या वेळी सांभाळणाऱ्या बाई ऐनवेळी गावी निघून गेल्या. साहेबांना फोन केला, ते म्हणाले, "घ्या हो आठवडाभर, बघू आपण." मी निश्चिंत झाले. अकराव्या दिवशी घरी रजिस्टर्ड पत्र आलं, गैरहजेरीचा खुलासा करा म्हणून. साहेब खोटं बोलले नव्हते, पण हजेरीपटावर त्यांचं ‘बघू’ कुठेच नव्हतं. पुढे वीस वर्षं मी एचआरमध्ये काढली, तेव्हा टेबलाच्या दुसऱ्या बाजूनेही हेच पाहिलं. फोनवर बोलायचं ते मन तयार करायला. मंजुरी मेलवरच घ्यायची, आणि तीही १४ तारखेच्या आत.

आता किती दिवस मागायचे? तू ‘दोन आठवडे मागते, मग वाढवीन’ म्हणतेस. तिथेच बायका फसतात. दुसऱ्यांदा वाढवायला गेलीस की साहेबांना वाटतं ही परत येणारच नाही. उलट ‘सासूबाई बऱ्या होईपर्यंत’ म्हणालीस तर त्याला शेवटच नाही. खुब्याच्या ऑपरेशननंतर त्या सहा महिन्यांच्या बाळाला उचलून फिरतील हे धरूनच चालू नकोस. तारीख पाळणाघरावरून ठरव. ठाणे स्टेशनजवळच्या पाळणाघरात १३ जुलैला जागा होतेय असं तू म्हणालीस. पहिले दोन आठवडे बाळ तिथे रुळायला लागतात, आधी तासभर, मग जेवणापर्यंत, मग दिवसभर. म्हणजे १५ जून ते २६ जुलै, बरोबर सहा आठवडे, आणि २७ जुलैला तू कामावर हजर. जागेची अनामत उद्याच भर. त्या पावतीमुळे तुझी तारीख खरी वाटते.

मेल छोटा ठेव. रडगाणं नको, माफीही नको. साधारण असा:

"माझी प्रसूती रजा १४ जूनला संपते. बाळाला सांभाळणाऱ्या सासूबाईंचं खुब्याचं ऑपरेशन झाल्याने आधीची व्यवस्था कोलमडली आहे. पाळणाघरात १३ जुलैपासून जागा नक्की झाली असून पावती सोबत जोडली आहे. १५ जून ते २६ जुलै अशी बिनपगारी रजा मंजूर करावी, ही विनंती. मी २७ जुलैला हजर होईन. कृपया १० जूनपर्यंत लेखी कळवावे."

साहेबांना पाठव आणि एचआरला प्रत लाव. मंजुरीच्या उत्तरात या काळात मेडिक्लेम चालू राहील का आणि बाळाचं नाव त्यात चढलंय का, तेही लिहून घे. बाळाचं नाव चढवायला मुदत असते आणि ती गुपचूप निघून जाते.

कुणीतरी सुचवेल की डॉक्टरकडून सर्टिफिकेट आण. बाळंतपणामुळे आईला आजारपण आलं तर आणखी महिनाभर भरपगारी रजेची तरतूद आहे, पण ती खऱ्या आजारपणासाठी. तू ठणठणीत आहेस. खोटा कागद नोकरीवर उलटतो.

पैशांचा हिशेब मांडून बघ. तुझा पगार ५४,००० म्हणजे जूनमध्ये रोजचे १,८००. जूनचे सोळा दिवस गेले तर २८,८०० कापले जातील आणि २५,२०० उरतील, वजावटीच्या आधी. खरी ओढाताण ऑगस्टमध्ये आहे. जुलैत तुझे पाचच दिवस भरतील, त्यांचे साधारण ८,७०० येतील आणि घराचा हप्ता मात्र ५ तारखेला जाणारच. तो आत्ताच बाजूला काढून ठेव. तुझ्या नऊ पीएल आधी संपवा असं एचआर म्हणेल. चार दे, पाच राखून ठेवायची विनंती कर. पाळणाघरात गेल्यावर पहिल्या महिन्यात बाळाला सर्दीताप होतोच, तेव्हा लागतील.

साहेब कदाचित म्हणतील, "घरून काम कर ना." काम घरून होण्यासारखं असेल तर दोघांच्या संमतीने तशी सोय कायद्यातही आहे. पण घरात दुसरं माणूस नसेल तर हो म्हणू नकोस. बाळ मांडीवर घेऊन कॉल चालवता येत नाहीत; काम राहतं आणि बोल तुला लागतो. तुमच्याकडे दीडशे माणसं आहेत. पन्नास किंवा अधिक माणसं असतील तिथे पाळणाघराची सोय करणं मालकावर बंधनकारक आहे, तेव्हा ती कुठे आहे हे जरूर विचार. मात्र पहिल्याच मेलमध्ये धमकी वाटेल असं लिहू नकोस. शिवाय सहा महिन्यांचं बाळ घेऊन ठाण्याहून घाटकोपर, तिथून मेट्रोने अंधेरी, तेही सकाळच्या गर्दीत, हे तुला रोज जमेल का ते तूच ठरव.

आणि नाही म्हणाले तर? लेखी ‘नाही’ माग, पण १५ तारखेला हजर हो. त्यासाठी नवऱ्याने आत्ताच पहिल्या दोन आठवड्यांची रजा टाकायला हवी. तू लिहिलेल्या पानभर मेसेजमध्ये त्याच्या रजेचा एक शब्द नाही, ते मला खटकलं. आई त्याची आहे, बाळही त्याचं आहे. त्याने दोन आठवडे घेतले तर तू साहेबांकडे चारच मागू शकतेस, आणि सहाला अडणारा माणूस चाराला सहसा हो म्हणतो. तसं झालं तर तारखा बदल: तुझी रजा २९ जूनपासून, परतायचं २७ जुलैलाच.

आज रात्री त्याच्याशी बोल. उद्या अनामत भर आणि मेलचा मसुदा पाठवण्याआधी मला दाखव. लगेच वाचून देते.

तुझी,
ताई